माणिक तपासून घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकाच आकड्यावर विसंबल्यामुळे. ‘मशीनवर रीडिंग माणिकाचं आलंय’ असं सांगितलं की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. ते रीडिंग खरंही असतं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक तेच रीडिंग देतं.

समजा, अंगठीसाठी एक लाल अंडाकृती खडा तुमच्यासमोर आहे. तज्ज्ञ रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर खास द्रवाचा बारीक थेंब टाकून त्यावर खड्याचा सपाट माथा टेकवतो. पट्टीवर छायेची कड दिसते, तिथला आकडा म्हणजे अपवर्तनांक, खडा प्रकाश किती वळवतो त्याचं माप. इथे घाई नडते. तामडी या दुसऱ्या लाल खड्याचं रीडिंगही १.७६ च्या आसपास येऊ शकतं, म्हणून खडा जागच्या जागी फिरवून बघावाच लागतो. तामडीची कड एकच असते आणि हलत नाही. माणिकाच्या दोन मिळतात, साधारण १.७६२ आणि १.७७०. लाल स्पिनेल १.७१८ च्या जवळपास थांबतं.

आपल्या खड्याच्या दोन कडा मिळाल्या. आता स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे खड्यातून आलेला प्रकाश रंगांत विभागून दाखवणारं यंत्र. लाल टोकाला ६९४ नॅनोमीटरजवळ रेघ, पिवळ्या-हिरव्या भागात रुंद काळा पट्टा आणि निळ्यात बारीक काळ्या रेघा, ही माणकाला लाल रंग देणाऱ्या क्रोमियमची खूण. म्हणजे खडा माणिकच. पण क्रोमियम कारखान्यातल्या माणकातही तेवढंच असतं, त्यामुळे इथे थांबणं ही दुसरी चूक.

खरा निकाल दहापट भिंगाखाली लागतो. आधी खडा स्वच्छ पुसा, नाहीतर वरची धूळच आतला डाग वाटते. मग बाजूने प्रकाश देऊन, खडा सावकाश कलता करत बघा. आपल्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा आणि एक-दोन गोल बुडबुडे दिसले. हे ज्योतीत वितळवलेल्या भुकटीचं माणिक: भुकटी थेंबाथेंबाने गोलसर माथ्यावर साचत जाते, म्हणून थर वाकडे पडतात. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळलेल्या असतात, कधी एकमेकींना ६० अंशांत छेदणाऱ्या रेशमासारख्या सुया दिसतात.

‘आजीच्या काळचं आहे, म्हणजे अस्सलच’ हेही धरून चालू नका. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूईने ज्योतीत माणिक बनवण्याची ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हा आजीच्या अंगठीतही असा खडा असू शकतो.

भेगांत शिशाची काच भरलेलं माणिक पहिल्या दोन्ही तपासण्यांत सहज पास होतं. भिंगाखाली खडा हलवताना भेगांतून निळसर चमक उठली आणि चपटे बुडबुडे दिसले, तर भाव तिथेच थांबवा. असा खडा सोनाराच्या ज्योतीने बिघडतो, लिंबाच्या रसानेसुद्धा त्यातली काच खराब होते.

आणि आत काहीच दिसत नसेल, तर ‘एकदम क्लीन’ म्हणून खूश होऊ नका. महागड्या, मोठ्या, निर्दोष माणकाचा निवाडा भिंगावर होत नाही. त्याला मोठ्या प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. त्यात ‘नैसर्गिक’ हा शब्द बघा आणि उष्णता दिली आहे की काच भरली आहे, हा शेराही वाचा.