जन्मदर १५ म्हणजे १५ टक्के नव्हे: दरहजारीचे टक्के करताना या चुका टाळा

बर्डीवर मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना लोकसंख्येचा भाग शिकवतो. दरवर्षी एक तरी वही अशी हाती येते, जिच्यात एकट्या नागपूर शहरात रोज हजारेक बाळं जन्मतात असं उत्तर निघालेलं असतं. गुणाकार बरोबर असतो, भागाकारही बरोबर असतो. ‘दरहजारी’ हा शब्द तेवढा वाचायचा राहिलेला असतो.

ते गणित एकदा पूर्ण करून पाहू. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२०च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा जन्मदर १५ आहे, म्हणजे वर्षभरात हजार लोकांमागे १५ जन्म. उदाहरणापुरता हाच दर शहराला लावू. लोकसंख्येला हजाराने भागून १५ने गुणलं की वर्षाला सुमारे ३६,०८५ जन्म येतात, म्हणजे दिवसाला ९९. हेच १५ टक्के धरले तर वर्षाला ३,६०,८५० आणि दिवसाला ९८९ जन्म होतात. तसं असतं तर दर सात माणसांमागे वर्षाला एक बाळ जन्मलं असतं. आपल्या गल्लीतली घरं आठवली तरी हे शक्य नाही हे कळतं.

दरहजारीचा टक्का करायचा तर १०ने भागायचं, कारण हजारात शंभर दहा वेळा बसतो. १५ दरहजारी म्हणजे १.५ टक्के. टक्का म्हटलं की काही मुलांचा हात सवयीने १००कडे जातो आणि ०.१५ टक्के लिहिलं जातं. मग नागपुरात दिवसाला जेमतेम १० जन्म उरतात, आणि एवढे तर एखाद्या मोठ्या रुग्णालयातच होतात. म्हणून मी मुलांना सांगतो, टक्का काढला की दिवसाला किती जन्म होतात ते लगेच काढा. दहापटीची चूक तिथे लपत नाही.

दुसरी चूक एकच बाजू बदलण्याची. त्याच वर्षी महाराष्ट्राचा मृत्यूदर ५.५ होता. जन्मदराचे टक्के केले आणि मृत्यूदर तसाच ठेवला, तर १.५च्या शेजारी ५.५ येतात आणि जन्मांपेक्षा मृत्यू जास्त दिसू लागतात. दोन्ही बदलले तर १.५ आणि ०.५५, फरक ०.९५ टक्के. दोन्ही न बदलता वजाबाकी केली तर ९.५ दरहजारी. दोन्ही एकच, ही नैसर्गिक वाढ आहे. आणि ०.५५ला पूर्णांकात ‘१ टक्का’ करू नका. मृत्यूदर इतका लहान असतो की तेवढ्यानेच तो जवळपास दुप्पट होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ घटीच्या वाक्यात होतो. भारताचा जन्मदर २०१६मध्ये २०.४ होता, २०२०मध्ये १९.५ झाला. म्हणजे ०.९ दरहजारीची घट. टक्क्यांत पाहिलं तर २.०४वरून १.९५, म्हणजे ०.०९ टक्केबिंदूंची घट. पण मूळ दराच्या मानाने ०.९ भागिले २०.४, म्हणजे सुमारे ४.४ टक्के घट. ‘जन्मदर ०.९ टक्क्यांनी घटला’ हे वाक्य कोणत्याच हिशेबात बसत नाही, तरी वह्यांत तेच सर्वांत जास्त सापडतं. मूळ दराच्या तुलनेतला बदल सांगायचा असेल तर टक्के करायची गरजही नाही. दोन्ही दर एकाच एककात असले की ४.४ टक्के हे उत्तर तेच येतं.

टक्के करताना छेद विसरला जातो, तेव्हा तर तुलनाच चुकते. २०२०मध्ये भारताचा अर्भक मृत्यूदर २८ होता आणि सर्वसाधारण मृत्यूदर ६. टक्के केले की २.८ आणि ०.६ शेजारी बसतात आणि एकाच मापातले वाटतात. पण २८ हे हजार जिवंत जन्मांमागे आहेत, ६ हे हजार लोकसंख्येमागे. म्हणून टक्का लिहिताना ‘कशाच्या’ हेही लिहा: जिवंत जन्मांच्या २.८ टक्के, लोकसंख्येच्या ०.६ टक्के. या दोघांची वजाबाकी करू नका.

नागपूरकरांनी आणखी एक जपावं. जन्ममृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटपासून लोक येतात. त्यांची बाळंतपणं आणि मृत्यू नागपूरच्या नोंदीत जमा होतात, पण ती माणसं नागपूरच्या लोकसंख्येत मोजलेली नसतात. शहराच्या नोंदवहीतली संख्या शहराच्या लोकसंख्येने भागली की दोन्ही दर फुगतात, मग टक्के कितीही अचूक काढलेले असोत. नमुना नोंदणीत मात्र घरोघरी जाऊन त्या घरात नेहमी राहणाऱ्यांचेच जन्ममृत्यू मोजतात. त्यामुळे नोंदवहीवरून काढलेला नागपूरचा दर आणि नमुना नोंदणीतला महाराष्ट्राचा दर एकाच तक्त्यात ठेवू नका.