अभियंत्याने ‘कबूल केले’ नव्हते

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी रुजू झाले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची बातमी माझ्याकडे आली. सभेला मी स्वतः बसले होते, वहीत सगळं टिपलेलं होतं. छापून आलेल्या बातमीतली तीन वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत:

‘नव्या जलवाहिनीसाठी निकृष्ट पाइप वापरल्याचे विरोधी नगरसेवकांनी निदर्शनास आणून दिले. दोन ठिकाणी गळती असल्याचे पाणीपुरवठा अभियंत्यांनी कबूल केले. पाइपांची चाचणी झाली असल्याचा दावा मुख्याधिकाऱ्यांनी केला.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अभियंता अंक हातात घेऊन कचेरीत आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “मॅडम, मी कबूल काय केलं? गळती कुठे आहे असं सभेत विचारलं, मी जागा सांगितल्या. आता घरचे विचारतायत, तुम्ही काय केलं होतंत?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या वहीत त्यांचं वाक्य असं होतं: चौकातल्या जोडाजवळ आणि टाकीच्या पायथ्याशी गळती आहे, उद्यापर्यंत दुरुस्ती होईल. कबूल करायला आधी काहीतरी लपवलेलं असावं लागतं, किंवा आपल्या अंगाशी येणारी चूक असावी लागते. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. लपवल्याचं मी एका क्रियापदातून सुचवलं.

आमचे मुख्य उपसंपादक संध्याकाळी माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी मला वही आणि अंक एकमेकांशेजारी ठेवायला सांगितले. अभियंत्यांच्या वाक्यावर मी अडकून पडले होते. ते म्हणाले, “ते एकच नाही. तिन्ही बघ. तू सभेचा निकाल लावलायस.” खरोखरच तसं झालं होतं. ‘निदर्शनास आणून दिले’ म्हणजे गोष्ट तिथे आहेच, कुणीतरी फक्त बोट दाखवलं. म्हणजे पाइप निकृष्ट आहेत, हे वृत्तपत्राने मान्य केलं. पण नगरसेवकांनी कागद दाखवला नव्हता. उलट मुख्याधिकाऱ्यांनी चाचणीचा अहवाल हातात धरून सभागृहापुढे ठेवला होता, आणि त्यांच्या वाट्याला मात्र संशय दाखवणारा ‘दावा’ आला. ज्यांच्याकडे पुरावा नव्हता त्यांचं बोलणं मी खरं ठरवलं आणि ज्यांनी पुरावा मांडला त्यांच्याकडे भुवया उंचावून पाहिलं. यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं. शाळेत शिकवलं होतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. ‘म्हणाले’ तीनदा येऊ नये म्हणून मी पर्याय शोधले, एवढंच.

नव्याने डेस्कवर येणाऱ्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. हे शब्द एकमेकांचे समानार्थी नाहीत. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ हे दोनच खऱ्या अर्थाने मध्यभागी उभे आहेत. इंग्रजी वृत्तसंस्थाही ‘सेड’ हेच क्रियापद वापरण्याचा आग्रह धरतात, त्यामागेही हाच विचार आहे. बाकीचे शब्द कुठेतरी झुकलेले असतात. ‘स्पष्ट केले’, ‘माहिती दिली’, ‘उघड केले’ हे ऐकणाऱ्याला सांगतात की मजकूर खरा आहे. ‘दावा केला’ सांगतं की अजून सिद्ध व्हायचं आहे. ‘आरोप केला’ सांगतं की कुणावर तरी गैरकृत्याचं बोट रोखलेलं आहे. ‘खोडून काढला’ म्हणजे आरोप पुराव्याने खोटा ठरवला. तेवढा पुरावा नसेल तर ‘फेटाळला’ किंवा ‘नाकारला’ हेच लिहायचं.

सरांनी मला एक साधी परीक्षा सांगितली. शंका वाटणाऱ्या प्रत्येक क्रियापदाच्या जागी ‘म्हणाले’ घालून वाचायचं. त्याने घडलेल्या गोष्टीतलं काही गळत असेल, तर मूळ शब्दाला जागा आहे. फक्त रंग गळत असेल, तर तो रंग आपण लावलेला होता. त्या बातमीत ‘कबूल केले’ जाऊन ‘सांगितले’ आलं तर वाचकाला कळणारी एकही वस्तुस्थिती कमी होत नव्हती. नगरसेवकांच्या वाक्यात मात्र ‘म्हणाले’ पुरलं नसतं, कारण त्यांनी कंत्राटात गैरव्यवहाराचा ठपका ठेवला होता, चौकशी मागितली होती. तिथे ‘आरोप केला’ हाच नेमका शब्द होता. बातमी अशी व्हायला हवी होती:

‘नव्या जलवाहिनीसाठी निकृष्ट पाइप वापरल्याचा आरोप विरोधी नगरसेवकांनी केला, मात्र त्यासाठी कोणतेही कागदपत्र त्यांनी सभेत सादर केले नाही. चौकातील जोडाजवळ आणि टाकीच्या पायथ्याशी गळती असून उद्यापर्यंत दुरुस्ती होईल, असे अभियंत्यांनी सांगितले. पाइप बसवण्यापूर्वी त्यांची चाचणी झाली होती, असे मुख्याधिकारी म्हणाले. चाचणीचा अहवाल त्यांनी सभागृहापुढे ठेवला.’

पहिल्या वाक्यातल्या स्वल्पविरामानंतरचा भाग पाहा. कागदपत्र नव्हतं ही गोष्ट मी पाहिलेली आहे, ती मी उघडपणे लिहिली. शंका असेल तर ती क्रियापदाच्या पोटात लपवू नये, शंकेचं कारणच वाक्यात लिहावं. ‘दावा’ या शब्दाच्या बाबतीत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तालुक्यातले सगळे पंचनामे पूर्ण झाल्याचं अधिकारी सांगतो आणि आपल्याला दोन गावांतून फोन येतात की इकडे कुणी फिरकलंच नाही. अशा वेळी ‘दावा’ योग्य आहे, पण तो लिहून थांबणं हे अर्धं काम आहे. पुढच्याच वाक्यात त्या दोन गावांचं म्हणणं आलं पाहिजे. आणि हाती काहीच नसताना, केवळ तो माणूस आपल्याला पटत नाही म्हणून ‘दावा’ लिहिणं हा अन्याय आहे.

‘आरोप’ या शब्दाने याच्या उलट अन्याय होतो, आणि तो बहुतेक वेळा सामान्य माणसावर होतो. ‘चार दिवसांपासून नळाला पाणी नसल्याचा आरोप महिलांनी केला. दुरुस्तीचे काम सुरू असल्याची माहिती अधिकाऱ्यांनी दिली.’ ही जोडी आपल्या पानांवर इतकी रुळली आहे की खटकतही नाही. नळाला पाणी आहे की नाही, ही तोटी फिरवून पाहण्याची गोष्ट आहे. बातमीदाराने जाऊन पाहिलं असेल तर ‘या भागात चार दिवस पाणी नाही’ असं सरळ लिहावं. पाहिलं नसेल तर ‘असे महिलांनी सांगितले’ लिहावं. ‘आरोप’ लिहिला की कोरडा नळ वादाचा विषय बनतो, आणि अधिकाऱ्याचं न पाहिलेलं काम मात्र ‘माहिती’ बनतं. खुर्ची पाहून क्रियापद ठरवायची ही सवय मी स्वतःत बरीच वर्षं शोधून शोधून मोडली.

एक गोष्ट इंग्रजीतून आलेल्या नियमांत सापडत नाही, कारण ती मराठीच्या बांधणीतली आहे. ‘पाणी सोडले आहे, असे अधिकारी म्हणाले’ आणि ‘पाणी सोडल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. पहिल्यात बोलणं अधिकाऱ्याचं राहतं. दुसऱ्यात ‘सोडल्याचे’ या रूपामुळे पाणी सोडणं आधी घडून गेलेलं वाटतं आणि अधिकारी फक्त ते कळवतो. ‘सांगितले’ तटस्थ असूनही वाक्य झुकतं. माझ्या बातमीतल्या ‘वापरल्याचे’नेही ‘निदर्शनास आणून दिले’ला तसाच हात दिला होता. जागा कमी लागते म्हणून डेस्कवर हे रूप आवडतं. वादाच्या मजकुरात मात्र मी ‘असे’ घालून वाक्य उघडं ठेवते. ‘वापरल्याचा आरोप’ या रचनेत ही अडचण नाही, कारण तिथे ‘आरोप’ हे नाम लगेच येऊन सावरतं.

पोलिसांच्या बातम्यांत तर याची किंमत फार मोठी असते. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य प्रसिद्धिपत्रकातून जसंच्या तसं पानावर येतं. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २३ मध्ये आहे. ग्राह्य धरला जातो तो रीतसर दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला कबुलीजबाब. म्हणजे जे न्यायालय मानत नाही, ते आपण वाचकाला निकालासारखं देतो. खोलीत आपण नव्हतो. आपल्याला कळलं ते पोलिसांकडून, म्हणून ‘त्याने कबुली दिल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे’ इथपर्यंतच जाता येतं, आणि वकिलाशी बोलणं झालं असेल तर तेही त्याच परिच्छेदात हवं. फिर्यादीतला मजकूरही तसाच: ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा लिहून सोडून देऊ नका. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मारहाण ‘झाली’ होऊन जाते आणि लेखणीला ते कळतही नाही.

‘आरोप केला’ लिहिलं म्हणजे आपण सुटलो, असंही समजू नका. बदनामीकारक मजकूर दुसऱ्याच्या तोंडी घालून छापला तरी तो आपणच छापलेला असतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केला का, तो काय म्हणाला, हे त्याच बातमीत यायला हवं.

एक छोटी गोष्ट हिंदी वाहिन्या पाहून आलेल्या मुलांसाठी. हिंदीत ‘खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. ‘अधिकाऱ्याने खुलासा केला’ हे वाक्य एका वाचकाला सारवासारव वाटतं आणि दुसऱ्याला भांडाफोड. मी तो शब्द कार्यालयाने अधिकृतपणे पाठवलेल्या स्पष्टीकरणापुरताच ठेवते.

राहिला पुनरुक्तीचा प्रश्न. वाचक ‘म्हणाले’ मोजत नाही, तो त्यावरून नजर सरकवतो. तरीही खटकत असेल तर क्रियापद बदलू नका, संख्या कमी करा. एकाच माणसाची दोन-तीन वाक्यं सलग ठेवली की शेवटी एकच ‘म्हणाले’ पुरतं.

आम्ही अभियंत्यांचं स्पष्टीकरण तिसऱ्या दिवशी छापलं. मजकूर मी लिहिला आणि शीर्षक दुसऱ्याच सहकाऱ्याने दिलं: ‘गळतीबाबत अभियंत्याची सारवासारव’. पान छपाईला जायच्या दहा मिनिटं आधी ते सरांच्या नजरेला पडलं. त्यांनी ते खोडून ‘गळतीबाबत अभियंत्यांचे स्पष्टीकरण’ असं केलं, आणि तेव्हापासून माझ्या बातमीचं शीर्षक कुणी दिलं तरी पान सुटण्याआधी मी ते वाचल्याशिवाय उठत नाही.