आकृतीवरून पॅराबोलाचं समीकरण लिहिताना

आधी शिरोबिंदू वाचा. समजा तो (3, 8) आहे आणि पॅराबोला खाली उघडतो. म्हणजे y = a(x − 3)² + 8, आणि a ऋण. आलेख उजवीकडे 3 सरकला तरी कंसात वजा 3 येतो, कारण x = 3 ठेवल्यावर कंस शून्य व्हायला हवा. इथे x + 3 लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

आता a. शिरोबिंदूपासून उजवीकडे एकच एकक जा आणि y किती बदलला ते पाहा. x = 4 ला y = 6 असेल, तर 2 ने उतरला, म्हणून a = −2. ‘अरुंद दिसतोय’ यावरून a ठरवू नका. दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असलं की नजर फसते. नेमका बिंदूच घ्या.

मिळालं y = −2(x − 3)² + 8. पडताळ्यासाठी शिरोबिंदू सोडून दूरचा बिंदू निवडा: x = 5 ला −2 × 4 + 8 = 0, म्हणजे आलेखाने X-अक्ष 5 वर छेदायला हवा.

उलट दिशेने, y = x² पासून हाच आलेख काढताना क्रम सांभाळा. उजवीकडे 3 सरकवा, उभा दुप्पट ताणा, X-अक्षात परावर्तन घ्या आणि 8 ने वर नेणं शेवटी ठेवा. वर नेऊन मग परावर्तन घेतलंत, तर 8 चंही चिन्ह बदलतं आणि शिरोबिंदू (3, −8) वर जातो.