पुरवणी घेताय? आधी मूळ पानावर खूण करा

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. त्याआधी घरात हॉलतिकीट, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि केंद्रावर वेळेत पोचणं यावर भरपूर बोलणं होतं. ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुरवणीबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही, म्हणून फक्त पुरवणीचं लिहितो. बारावीला फिजिक्समध्ये माझे मार्क इथेच गेले. निकालानंतर नागपूर विभागीय मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेतली तेव्हा ते दिसलं. लिहिलेलं गणित बरोबर होतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे कागदावर कुठेच नव्हतं.

पहिली तयारी घरीच होते. सराव पेपर वहीत सोडवू नका. काही फुलस्केप मुख्य उत्तरपत्रिका म्हणून शिवून घ्या आणि पुरवणीसाठी सुटे कागद बाजूला ठेवा. उत्तर एका कागदावरून दुसऱ्यावर नेताना काय लिहायचं, हे हाताला आधीच सवयीचं व्हायला हवं. शेवटच्या अर्ध्या तासात ते आठवून करता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या क्रमांकांची. क्रमांक प्रश्नपत्रिकेत छापलेलाच लिहायचा. फिजिक्सच्या 70 मार्कांच्या पेपरात प्रश्न 3 ते 14 मधले कोणतेही आठ, 15 ते 26 मधले कोणतेही आठ आणि 27 ते 31 मधले कोणतेही तीन सोडवायचे असतात. बरीच मुलं त्या आठांना स्वतःचे 1 ते 8 असे क्रमांक देतात. मुख्य उत्तरपत्रिकेत सेक्शनचं नाव जवळच असतं, त्यामुळे तिथे एखाद्या वेळी निभावतं. पुरवणीवर ‘उत्तर 5’ दिसलं तर तपासणाऱ्याने ते कोणत्या सेक्शनमधलं समजायचं? असं करूच नका.

आता मुख्य गोष्ट. पुरवणीवर प्रश्न क्रमांक टाकायचा हे बहुतेकांना माहीत असतं. विसरतं ते दुसरं टोक. मूळ उत्तर जिथे थांबतं, तिथेच, त्याच पानावर, उरलेला भाग कुठे आहे ते लिहायचं. पुरवणी हातात आली की तिच्यावर काही लिहिण्याआधी मुख्य उत्तरपत्रिकेत मागे जा आणि खूण करा. आधी मूळ पान, मग पुरवणी. हा क्रम उलटा झाला तर खूण राहूनच जाते, कारण एकदा गणितात शिरलं की मागे वळायला कुणाला आठवतं?

काय बिघडतं ते एका उदाहरणात पाहा. समजा सेक्शन डीमध्ये तुम्ही 29, 30 आणि 31 हे प्रश्न घेतले. प्रश्न 29 चार मार्कांचा आहे. त्यात बोहरच्या सिद्धांतावरून कक्षेच्या त्रिज्येचं सूत्र काढायचं आहे आणि सोबत दोन मार्कांचं गणित आहे. सूत्र निघालं, गणित अडलं, म्हणून तुम्ही चार ओळी सोडून 30 वर गेलात. तो संपता संपता मुख्य उत्तरपत्रिका भरली. पुरवणी घेतली, 31 लिहिला. मग 29 चं गणित सुटलं, पण सोडलेल्या चार ओळींत ते मावेना. म्हणून तुम्ही ते पुरवणीत 31 च्या खाली लिहिलं, वर नुसतं ‘गणित’ असं टाकून.

तपासणारा पानांच्या क्रमाने जातो. 29 पाशी त्याला सूत्र दिसलं, खाली मोकळी जागा दिसली. गणित सोडवलेलं नाही असं धरून त्याने चारपैकी दोन दिले आणि पुढे गेला. पुरवणीत 31 च्या खालचं गणित त्याने 31 चाच भाग समजून पाहिलं. 31 शी त्याचा काही संबंध नाही, म्हणून शून्य. समजा वर ‘प्र. 29’ लिहिलं असतं, तर त्याला मागे जाऊन दिलेले मार्क बदलावे लागले असते. बरेच जण ते करतात. पण गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका वाट पाहत असताना ते होईलच यावर तुमचे दोन मार्क का सोडायचे? 29 च्या सूत्राखाली एक ओळ असती, तर मार्क देण्याआधीच त्याने पुरवणी उलटली असती. मूळ पानावरची खूण हवी ती यासाठी.

ती ओळ अशी: ‘प्र. 29 चा उरलेला भाग पुरवणी 1, पान 3 वर’. आणि पुरवणीत, नव्या ओळीवर, आधीच्या उत्तराखाली रेघ मारून: ‘प्र. 29 (पुढे चालू), मुख्य उत्तरपत्रिकेच्या पान 17 वरून’. पान क्रमांक छापलेला असेल तर तोच वापरा. पुरवणीवर तिच्या क्रमांकाचा रकाना असेल तर तो भरा, नसेल तर पर्यवेक्षकांना विचारा. मनाने कुठेही आकडे टाकू नका. दोन्ही टोकं लिहून होईपर्यंत उत्तर पूर्ण झालं असं धरू नका.

खुणेची ओळ तेवढीच ठेवा. ‘सर, कृपया पुरवणी बघा’ असलं काही लिहायचं नाही. तपासणाऱ्याला उद्देशून लिहिलेली विनंती किंवा उत्तरात ओळख पटेल असं काहीही लिहिलं, तर तो गैरप्रकार धरला जाऊ शकतो. शाई उत्तराचीच वापरा. लाल-हिरवी नको, ती तपासणाऱ्यांची.

उत्तर पानाच्या शेवटी तुटून पुरवणीवर जात असेल, तर ते ओळीच्या मध्ये तोडू नका. सिद्धतेची पायरी पूर्ण करा, मग खूण, मग पुरवणी. खुणेला जागा हवी, म्हणून शेवटच्या पानाची तळाची ओळ आधीपासून मोकळी ठेवा. मला विचाराल तर ही सगळ्यात उपयोगी सवय आहे. जागाच नसेल तर खूण समासात कोंबावी लागते आणि तिथे ती नजरेतून सुटते.

पुरवणी मागायला शेवटचं पान अर्धं झालं की हात वर करा. पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला असतील तर तीन-चार मिनिटं तशीच जातात. हातात आल्यावर छापील रकाने भरा, पर्यवेक्षकांची सही झाली का पाहा. आणि हो, मूळ पानावर खूण केली का?

आलेखकागदालाही हेच लागू. त्यावर प्रश्न क्रमांक टाका आणि उत्तरात ‘आलेख सोबत जोडला आहे’ असं लिहा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पुरवण्या क्रमाने लावा, उलटी पानं नाहीत ना बघा, दोरा सैल बांधा म्हणजे आतलं पान पूर्ण उलटतं. पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहा. मग मुख्य उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून चाळा आणि अर्धवट दिसणाऱ्या प्रत्येक उत्तराखाली खूण आहे का तेवढंच बघा. नसेल तर तिथल्या तिथे लिहा.

निकालानंतर गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचा राहिलेला भाग पाहतात. चुकीच्या प्रश्नाखाली वाचून शून्य दिलेलं गणित तपासलेलंच धरलं जातं. त्यासाठी आधी छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन करावं लागतं, दोन्हींना फी, दोन्हींना मुदत, आणि तोवर प्रवेशाच्या याद्या लागायला लागतात.