दुकानाची आचारसंहिता कुणी वाचत नाही? या चुका टाळा

जालन्यातल्या मोंढ्यात बियाणं-खत-औषधांचं मध्यम दुकान धरा. काउंटरवर चार पोरं, वसुलीला दोघं, एक हिशेबनीस, ड्रायव्हर, गोडाऊनला दोघं आणि हंगामात पॅकिंगला येणाऱ्या रोजंदारीच्या बायका. अशा दुकानाची आचारसंहिता बहुतेक वेळा सी.ए.च्या ऑफिसातून आलेली असते. मोठ्या कंपनीची बावीस पानं, फक्त नाव बदललेलं. सगळ्यांनी सह्या केल्या म्हणजे सगळ्यांनी वाचली, असं मालक धरून चालतो. पंधरा दिवसांनी ड्रायव्हरला सहज विचारून बघा: "गावातून उधारीचे पैसे मिळाले आणि दुकान बंद असलं, तर काय करायचं?" उत्तर आलं नाही, तर ती पानं फाइलला लावायच्याच लायकीची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रसंग सोडून गुण लिहिणं. "कर्मचाऱ्यांनी सचोटीने वागावे, कोणत्याही प्रकारची भेट स्वीकारू नये." हे वाक्य जानेवारीतच मोडतं. ओळखीचा शेतकरी हुरडा घेऊन येतो, मालक स्वतः दोन मुठी खातो, आणि भेटीचं कलम तिथंच संपतं. खरा घोटाळा मात्र त्या कलमाला दिसतच नाही. कंपनीचा माणूस काउंटरवरच्या पोराला हळूच सांगतो, "आपली बाटली चालव, खोक्यामागं तुझं बघतो." कपाशीवर फुलकिडे आलेत म्हणून शेतकरी औषध मागतो, तर त्याला गरजेचं नव्हे, खोक्यामागं पैसे असलेलं औषध मिळतं. ओळखायचं कसं? एकाच पोराच्या बिलांवर एकच ब्रँड अचानक वाढतो आणि थोड्या दिवसांनी "औषध लागू पडलं नाही" म्हणत त्याच गावची माणसं येतात.

मग ते कलम असं लिहा:

"कंपनीच्या माणसानं रोख, कूपन, रिचार्ज किंवा वस्तू दिली, तर त्याच दिवशी गल्ल्याजवळच्या वहीत लिहायची: कुणी दिली, काय दिलं, कशासाठी. ती हिशेबनिसाकडे जमा करायची. विक्रीवरचं बक्षीस दुकानाच्या नावानं येईल आणि दिवाळीला सगळ्यांत वाटलं जाईल. शेतकऱ्यानं आणलेलं खायचं सामान दुकानातच सगळ्यांनी मिळून खायचं."

यात कुणालाही नाही म्हणायची वेळ येत नाही. शेतकऱ्याचा मान राहतो आणि पोराचं आमिष वहीत येतं. वाटणीचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर वही कोरीच राहील, हे मी पैजेवर सांगतो.

दुसरी चूक दंडाच्या तक्त्याची. "उशीर झाल्यास ५०० रुपये दंड" असं भिंतीवर लावलं, की धाक बसल्यासारखा वाटतो. पण वेतनाच्या कायद्यानं एका पगारात दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. शिवाय कशाला दंड लागेल त्याची यादी सरकारी मंजुरीची हवी, आणि दंडाआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. १५,००० पगाराला ३ टक्के म्हणजे ४५० रुपये. तक्त्यातल्या एका उशिरालाच मर्यादा ओलांडली. न आलेल्या वेळेचे पैसे कापणं वेगळं. २६ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला साधारण ७२ रुपये पडतात, म्हणजे अर्ध्या तासाचे ३६. तेवढे कापा. उशीर नेहमीचाच असेल, तर लेखी समज द्या.

तक्रारीचं कलमही बहुतेक ठिकाणी फसलेलं असतं. "तक्रार मालकाकडे करावी" असं लिहिलेलं असतं, आणि ज्याच्याबद्दल तक्रार असते तो मालकाचा भाचा, गोडाऊनचा कारभारी. पॅकिंगची बाई कशाला बोलेल? लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा इथं स्पष्ट आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक जण बाहेरचा. हजेरीपटावर आठच नावं असली तरी रोजंदारीवाल्या मोजाव्याच लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत ती द्यायची असते. म्हणून कलमात समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर लिहा, आणि पॅकिंगच्या जागीच मोठ्या अक्षरात लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हंगामाच्या पहिल्या दिवशी वाचून दाखवा.

आणि एक ओळ मालकासाठी हवी: "मालकानं बिनबिलाचा माल द्यायला सांगितला, तरी बिल करायचं." ही लिहिताना हात अडला, तर बाकीची कलमं पोरं पाळणार नाहीत. ती मालकाच्या तोंडाकडे बघून ठरवतात. सगळं मिळून दोन पानांत बसवा. दसऱ्याच्या आसपास हंगामाची घाई ओसरली, की सगळ्यांना बसवून प्रत्येक कलमावर विचारा, या पावसाळ्यात हे कधी कामी आलं? ज्याचा एकही प्रसंग कुणाला आठवत नाही, ते खोडायचं की ठेवायचं ते तिथंच ठरवा. तक्रारीचं कलम मात्र या चाचणीतून वगळा.