बेदाण्याच्या सौद्याआधी तिघांचा कॉल जोडताना

बेदाणा तासगावच्या सौद्यात लावायचा की अजून काही दिवस शीतगृहात ठेवायचा, हे ठरवताना आमच्याकडे तीन माणसे लागतात: ज्यांचा माल ते काका तासगावात, आडते सांगलीच्या मार्केट यार्डात आणि हिशेब ठेवणारा मी मिरजेत. मागच्या हंगामात मी दोघांना आळीपाळीने फोन केले आणि आडत्यांनी सांगितलेला दर काकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला ‘कमीत कमी’ हा शब्द वाटेत गळून गेला. तेव्हापासून तिघे एकाच कॉलवर बोलतो आणि त्याची तयारी अर्धा तास आधीच करून ठेवतो.

सर्वांत आधी कॉल वेटिंग चालू आहे का ते तपासावे. *#43# डायल करून कॉलचे बटण दाबले की स्थिती पडद्यावर दिसते. बंद असल्यास *43# ने चालू होते आणि पुन्हा बंद करायचे तर #43# लागते. काही जोडण्यांवर हे कोड चालत नाहीत. अशा वेळी फोन ॲपमधील तीन टिंबांवरून Settings मध्ये जावे आणि Calling accounts किंवा Supplementary services या नावाखाली Call waiting शोधावे. फोनच्या बनावटीनुसार हे नाव बदलते. मी आडत्यांशी बोलत असताना काकांनीच फोन केला तर वेटिंग बंद असल्यास त्यांना ‘व्यस्त’ ऐकू येते, आणि काका एकदा व्यस्त ऐकले की तासभर पुन्हा फोन करत नाहीत. वेटिंग चालू असल्यास मला बीप ऐकू येते आणि पडद्यावर Hold & Accept किंवा End & Accept असे, अथवा त्याच अर्थाच्या दुसऱ्या शब्दांत, पर्याय येतात. घाईत यांतला दुसरा दाबला की आडत्यांचा कॉल तुटतो, म्हणून बोट टेकवण्याआधी शब्द वाचावा.

दुसरी गोष्ट सिमची. दोन सिम असलेल्या फोनवरून दोन्ही कॉल एकाच सिमवरून झाले पाहिजेत, कारण एक कॉल पहिल्या सिमवर आणि दुसरा दुसऱ्यावर असेल तर Merge बहुधा मिळतच नाही, आणि माणूस बटण शोधत बसतो. कॉल चालू असताना दुसरे सिम पुष्कळ फोनांत संपर्काबाहेर जाते, त्यामुळे त्या संध्याकाळी कोणत्या नंबरवर फोन करायचा हे काकांना आधी सांगून ठेवतो. साधा मोबाइल कॉल आणि व्हॉट्सॲपचा कॉल एकत्र जोडता येत नाहीत, तेव्हा आडत्यांनाही साध्याच कॉलवर घ्यावे. जोडलेले दोन्ही कॉल माझ्या खात्यावर वेगवेगळे पडतात. अमर्याद कॉलचे पॅक असेल तर हा विचार करायला नको.

कोणाला आधी लावायचे हेही ठरवून ठेवावे. काकांचा बटणांचा फोन बहुधा ओट्यावर असतो आणि उचलायला वेळ लागतो, म्हणून पहिला कॉल त्यांना. ‘आता थोडा वेळ आवाज येणार नाही, फोन ठेवू नका’ असे सांगून Add call दाबतो आणि आडत्यांचा नंबर लावतो. दुसरा कॉल लागताच पहिला आपोआप होल्डवर जातो. होल्डवर असताना काकांना माझे आणि मला काकांचे काहीही ऐकू येत नाही. म्यूट केल्यावर मात्र माझाच आवाज बंद होतो, त्यांचा मला येत राहतो. पुष्कळ जण या दोहोंत गल्लत करतात. आडत्यांनी फोन उचलला, बोलायला लागले आणि काका कॉलवर येत आहेत हे त्यांना सांगून झाले की मगच Merge दाबावे. रिंग वाजत असतानाच जोडण्याची घाई करू नये. जोडल्यावर दोघांनाही एकेक शब्द बोलायला सांगतो, कारण पडद्यावर कॉन्फरन्स दिसले तरी एका बाजूचा आवाज पोहोचतोच असे नाही.

मोबाइलच्या साध्या कॉलवर कॉल जोडणारा धरून साधारण सहा जणांपर्यंत घेता येतात. कॉलची सूत्रे जोडणाऱ्याच्या हाती असतात, त्यामुळे मी फोन ठेवला तर सहसा सगळ्यांचाच कॉल संपतो. माझ्या फोनची बॅटरी म्हणून आधीच भरलेली असावी. आडत्यांचे दराविषयीचे बोलणे संपले की Manage उघडून त्यांच्या नावापुढचे फोन ठेवण्याचे चिन्ह दाबतो, आणि यादीतून त्यांचे नाव गेल्याची खात्री झाल्यावरच काकांना विचारतो, ‘कितीच्या खाली द्यायचा नाही?’