मावा केक कालचा का दिसत होता

डोंबिवलीत घरच्या ओव्हनवर मावा केक करून विकायला लागले, त्या पहिल्या दिवाळीत मी फिक्या जांभळ्या रंगाचे ५०० बॉक्स छापून घेतले. बाहेरून जांभळे, आतूनही जांभळे. रिकामा बॉक्स इतका देखणा होता की मैत्रिणींना फोटो पाठवत सुटले. मग केक भरले. सोसायटीतल्या एक काकू झाकण उघडून म्हणाल्या, "कालचा आहे का गं?" केक सकाळी सातला ओव्हनमधून काढलेला. आणखी दोघींनी तसंच विचारलं, तेव्हा कळलं की गडबड केकमध्ये नाही, बॉक्समध्ये आहे.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या बहुतेक जणी हीच चूक करतात. बॉक्सचा रंग बॉक्सकडे बघून निवडतात. खरं तर बघायचा असतो केक, त्या बॉक्समध्ये ठेवलेला.

झालं काय होतं ते सांगते. मावा केकचा रंग वर बदामी आणि आत लोण्यासारखा पिवळा. बॉक्सच्या आतल्या भिंतींवर पडलेला उजेड परतून केकवर येतो आणि येताना भिंतीचा रंग घेऊन येतो. पिवळ्यावर जांभळट उजेड पडला की पिवळेपणा मरतो, राहतो तो राखाडी. शिळ्या केकचा रंग नेमका तोच! भाजी मंडईत टोमॅटोवाले डोक्यावर लाल-नारिंगी कापड का ताणतात, हे मला तेव्हा उमगलं. कापडातून गाळून आलेला उजेड टोमॅटोला आणखी लाल करतो. माझा बॉक्स तेच काम उलट्या दिशेनं करत होता.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे, जी मला फार उशिरा कळली. निळा-जांभळा रंग बॉक्सच्या आतून केकवर परावर्तित झाला तर घात करतो, पण तोच रंग केकच्या बाजूला, चौकटीसारखा असेल तर केक जास्त सोनेरी दिसतो. डोळा शेजारच्या रंगाच्या विरुद्ध दिशेला ओढला जातो. केळीच्या हिरव्या पानावर उकडीचा मोदक ठेवला की तो स्टीलच्या ताटातल्यापेक्षा पांढराशुभ्र दिसतो, त्यातला बराच भाग या शेजाराचा असतो. म्हणून "खाण्याच्या वस्तूला निळा रंग नको" हा सल्ला अर्धाच खरा आहे. कुठे लावता, हा मुद्दा आहे. उलट केकशी जुळणारा रंग घ्यावा म्हणून मी मधे झेंडूसारखी पिवळीजर्द चौकट करून बघितली, तर तिच्या शेजारी केक बिचारा फिका पडला, जणू भाजलाच नाही.

आता चाचणी कशी करायची. स्टेशनरीच्या दुकानातून चार्ट पेपर आणा, जे रंग मनात असतील ते. एका साध्या बॉक्सच्या आत बसेल असं अस्तर कापा आणि झाकणाला खिडकीसारखं भोक पाडून भोवती दीड सेंटीमीटरची चौकट चिकटवा. मी सहा बॉक्स असे केले आणि एकाच केकचे सहा तुकडे ठेवले. ते तीन ठिकाणी बघितले: स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ट्यूबखाली, सकाळी दहाला बाल्कनीत आणि जेवणाच्या टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली. पिवळ्या दिव्यात सगळंच खमंग दिसतं, त्यावर भरवसा ठेवू नका. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात जो टिकला, तोच खरा. माझं बहुतेक गिऱ्हाईक बॉक्स उघडतं ते ऑफिसात, अशाच उजेडात.

लोकांना विचारताना "कुठला छान दिसतो?" असं विचारू नका, ते बॉक्सबद्दल बोलतात. मी विचारायचे, "यातला आज सकाळचा कुठला?" जांभळ्या अस्तराचा तुकडा कोणीच उचलला नाही. जास्त बोटं गेली ती आतून कोऱ्या पांढऱ्या आणि खिडकीभोवती गडद मोरपंखी चौकट असलेल्या बॉक्सकडे. घरच्यांना आवडलेला गुलाबी मधेच कुठेतरी राहिला.

मग क्रॉफर्ड मार्केटला गेले. तिथल्या बॉक्सवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "ग्रे बॅक की व्हाइट बॅक?" मला ओ का ठो कळलं नाही. स्वस्त डुप्लेक्स बोर्ड रद्दीच्या लगद्यापासून होतो, एका बाजूला पांढरा आणि मागून करडा. करडी बाजू बॉक्सच्या आत येते. म्हणजे पैसे वाचवून मी पुन्हा राखाडी भिंतीच विकत घेतल्या असत्या. व्हाइट बॅक थोडा महाग पडतो, पण बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. शिवाय आत रंग छापून घेऊच नका. छापील शाईचा भाग थेट अन्नाला लागू नये हा पॅकेजिंगचा नियमच आहे. बुडाशी पांढरा बटर पेपर घाला. त्यानं तुपाचे डागही बोर्डात उतरत नाहीत. तुपकट डाग पडलेला बॉक्स आतल्या मालाला दोन दिवस म्हातारा करतो.

क्रीमच्या केकला मात्र हा पांढरा शहाणपणा चालत नाही. झळझळीत, निळसर पांढऱ्या बोर्डाशेजारी ताजं क्रीमही पिवळट दिसतं. त्याखाली गडद किंवा सोनेरी तळपाट ठेवा, म्हणजे तुलनाच होत नाही.

लेबलचा अनुभव वेगळा. माझ्या लॅपटॉपवर मोरपंखी चमकत होता. छापून आला तेव्हा मरगळलेला, काळपट. पडदा उजेडातून रंग दाखवतो, छपाई चार शाया एकमेकींवर चढवून, आणि असे लखलखीत निळे-हिरवे शाईत पुरते उतरत नाहीत. म्हणून डिझाइन सीएमवायके, म्हणजे या चार शायांच्याच रंगपद्धतीत करून घ्या आणि एकच शीट आधी छापून मागा. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर ६० मिलिमीटरची गोल लेबलं सहज २४ बसतात, तेवढी तुमची चाचणी. तपकिरी क्राफ्ट कागदावर छापायचा मोह असेल तर लक्षात ठेवा, शाई पारदर्शक असते. खालचा तपकिरी वर येतो आणि फिके रंग मातीत मिळतात. तिथे काळा किंवा गडद चॉकलेटी एवढंच चालतं.

माझं आताचं लेबल मलईच्या रंगाचं, अक्षरं कॉफीच्या रंगाची. आधी पोपटी केलं होतं, "ताजं" वाटावं म्हणून. त्यावर शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, चौकोनातला तो हिरवा गोल, दिसेचना. ते कायद्यानं ठळक दिसायलाच हवं. (माझा केक दह्याचा, म्हणून हिरवं. अंडं घातलं तर तपकिरी त्रिकोण.) आणखी एक, बनवल्याची तारीख मी पेनानं लिहायचे आणि चकचकीत लॅमिनेशनवर ती बोटानं पुसली जायची. तारीख फिसकटलेली दिसली की केकच्या रंगावर घेतलेली सगळी मेहनत वाया. आता तारखेपुरती जागा बिनलॅमिनेशनची ठेवते.

जांभळे बॉक्स अजून ३०० उरलेत. त्यात बटर पेपरमध्ये गुंडाळून चॉकलेट ब्राउनी भरते. ती इतकी काळी की जांभळ्या भिंती तिचं काही वाकडं करू शकत नाहीत.